तीन भाषा, छत्तीस शब्द

रविवारी सकाळी साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई बादली घेऊन खाली आल्या. नळाला पाणी नव्हते. सूचना फळ्यावर बुधवारपासून लागलेली होती आणि तीही तीन भाषांत: वर मराठी, मधे हिंदी, खाली इंग्रजी. पान गच्च भरलेले होते. बाई मूळच्या तामिळनाडूच्या. त्यांनी फक्त इंग्रजी भाग वाचला होता आणि त्यात पाणी बंद होण्याची वेळ दहा दिली होती. मराठीत आणि हिंदीत ती पेनाने खोडून नऊ केलेली होती. टाकी साफ करणाऱ्याने गुरुवारी वेळ बदलून घेतली, कोणीतरी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि तिसरे ठिकाण राहून गेले.

सोसायटीच्या समितीत काम करताना अशा सूचना मी बऱ्याच लिहिल्या आहेत. त्या रविवारी मला एक गोष्ट पटली. तीन भाषांत लिहिले म्हणजे तीन प्रकारच्या वाचकांपर्यंत पोहोचलो, असे होत नाही. एकच माहिती तीनदा लिहिली की चुकायच्या जागाही तीन होतात, आणि कागद तिप्पट भरला की तो वाचला जाण्याची शक्यता घटते. तेव्हा एका सूचनेची तीन भाषांतरे करण्यापेक्षा तिन्ही वाचकांना एकत्र धरून एकच सूचना लिहिणे बरे. ती कशी लिहायची, हे टाकीच्या सफाईच्या त्याच सूचनेवर करून दाखवतो.

आधी वाचक कोण ते पाहा

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या कुठल्याही मध्यम सोसायटीत फळ्यासमोरून जाणारी माणसे आठवा. मराठी वाचत मोठे झालेल्या आजी आहेत. त्यांचा इंग्रजी माध्यमातला नातू घरात मराठी बोलतो, पण देवनागरी अडखळत वाचतो. घरकामाला येणाऱ्या मावशी मराठी बोलतात, पण त्यांना अक्षरे फारशी येत नाहीत. उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला सुरक्षारक्षक हिंदी वाचतो आणि चार वर्षांत कानावर पडलेली मराठी त्याला समजते. नेपाळहून आलेल्या रक्षकालाही देवनागरी येते, कारण नेपाळी भाषेची लिपी तीच आहे. आणि चेन्नईहून किंवा कोलकात्याहून आलेले, फक्त इंग्रजी वाचणारे भाडेकरू आहेत.

म्हणजे ‘मराठी येणारे’, ‘हिंदी येणारे’ आणि ‘इंग्रजी येणारे’ असे तीन वेगळे गट नसतात. बहुतेकांना दोन भाषा कमीअधिक येतात. कोणाला भाषा समजते पण लिपी वाचता येत नाही, कोणाला लिपी वाचता येते पण शब्द अडतात. सूचनेतला कोणता भाग कोणाच्या कामाचा, हे यावरून ठरते.

आता आमची जुनी सूचना पाहा. तिचा मराठी भाग असा होता:

*सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीच्या गच्चीवरील तसेच भूमिगत पाण्याच्या टाक्यांच्या स्वच्छतेचे काम येत्या रविवारी हाती घेण्यात येणार असल्याने सदर दिवशी पाणीपुरवठा खंडित राहील. तरी सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवावा व व्यवस्थापन समितीस सहकार्य करावे, ही विनंती.*

हे ३८ शब्द झाले. वेळ त्याखाली वेगळ्या ओळीत होती. व्याकरणात खोट काढायला जागा नाही. पण आजींनाही ‘पाणी बंद’ एवढे कळायला पहिले वाक्य शेवटपर्यंत वाचावे लागते, कारण मुद्दा बाविसाव्या शब्दाला येतो. ‘येत्या रविवारी’ म्हणजे कोणता रविवार, हे सूचना कधी लावली ते माहीत असेल तरच कळते. आणि ‘सभासदांना’ या शब्दाने भाडेकरूंना नकळत वगळले आहे. सहकारी सोसायटीत भाडेकरू सभासद नसतो. त्याला वाटते, ही मालकांची बाब आहे. पण पाणी त्याचेही जाणार असते.

तथ्य एकदाच, तेही अंकांत

सूचनेत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, तथ्य: काय, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, कोणाला विचारायचे. दुसरा, माणसाने काय करायचे ते. तथ्याला भाषेची गरज फार कमी लागते, म्हणून ते सगळ्यांसाठी एकदाच, सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरांत लिहायचे. वेळ बदलली तर एकाच जागी बदलते. आमची चूक अशा रचनेत होऊच शकली नसती.

हे अंक देवनागरीत लिहायचे की नाही, याचा मी बराच विचार केला. मराठी मजकुरात मराठी अंक मला आवडतात आणि हा लेखही त्याच अंकांत आहे. पण फळ्यावरची सूचना देवनागरी न वाचणाराही वाचतो. अशा माणसाला आपला १ हा नऊसारखा दिसतो आणि ४ आठसारखा वाटू शकतो. ‘१० ते ४’ कडे त्याच्या नजरेने एकदा पाहा. उलट, मोबाइल, बसचे तिकीट आणि विजेचे बिल यांमुळे 0 ते 9 हे अंक जवळजवळ सगळ्यांच्या नजरेखालून रोज जातात, अगदी अक्षरओळख नसलेल्यांच्याही. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमाने केंद्राच्या कामकाजासाठी हेच अंक ठरवले आणि त्यांना नाव दिले ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’. म्हणजे तेही परके नाहीत.

अंकांतही दोन सापळे आहेत. ‘10-4’ असे लिहिले की कोणी ती वेळ समजेल, तर कोणी दहा एप्रिल. म्हणून वेळेच्या अंकांना एएम आणि पीएम जोडायचे. फोनच्या घड्याळामुळे ती अक्षरे ओळखीची झालेली आहेत. शिवाय मराठीत आपण ‘दुपारी चार’ म्हणतो आणि हिंदीत बरेचजण ‘शाम के चार’ म्हणतात. पीएम लिहिले की तो फरकही मिटतो.

दुसरा सापळा वाराचा आणि महिन्याचा. रविवारला मराठीत आणि हिंदीत एकच शब्द आहे, पण हिंदी पट्ट्यातली कित्येक माणसे बोलताना ‘इतवार’ म्हणतात आणि नेपाळीत तो ‘आइतबार’ असतो. म्हणून वाराशेजारी तारखेचा अंक हवाच. महिना मात्र नेहमी लागत नाही. आमची सूचना मे महिन्यातली होती. ‘17 मे’ हे हिंदी वाचणाऱ्याला ‘17 में’, म्हणजे ‘सतरामध्ये’ असे वाटू शकते, कारण हिंदीत मे महिन्याला ‘मई’ म्हणतात. सूचना चार दिवस आधी लागणार असेल तर ‘रविवार 17’ पुरेसे आहे. महिना गाळला की गोंधळही गेला आणि एक शब्दही वाचला.

‘उद्या’ हा शब्द फळ्यावर कधीच लिहू नये. कागद दोन दिवस लटकत राहिला की उद्याचा परवा होतो. हिंदीत तर ‘कल’ म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, आणि आपला ‘काल’ त्याच्याशी कानाला इतका जवळचा की ऐकणारा सहज फसतो.

शेजारच्या भाषेलाही कळेल असा मराठी शब्द

हिंदी वाचणाऱ्यांना कळावे म्हणून मराठी मोडायची गरज नाही. मराठी ओळ शुद्ध मराठीच असावी. मात्र एकाच अर्थाचे दोन-तीन मराठी शब्द असतील, तर त्यातला हिंदी वाचणाऱ्याच्या ओळखीचा शब्द घ्यावा. असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. ‘खंडित’ ऐवजी ‘बंद’, ‘दिनांक’ ऐवजी ‘तारीख’, ‘स्वच्छता’ ऐवजी ‘सफाई’, ‘उद्वाहन’ ऐवजी ‘लिफ्ट’, ‘प्रवेशद्वार’ ऐवजी ‘गेट’. ‘शेवटची तारीख’ मधला ‘शेवट’ हिंदी माणसाला कळत नाही, पण ‘अखेरची तारीख’ हेही उत्तम मराठी आहे आणि ‘आखिरी’ माहीत असलेल्याला ते लगेच उमगते. ‘रद्द’ आणि ‘मंजूर’ दोन्हीकडे सारखेच.

गंमत अशी की यातले बहुतेक शब्द आजींनाही जास्त जवळचे असतात. सूचना सोपी झाली ती फक्त परप्रांतीयासाठी नव्हे, मराठी वाचणाऱ्यासाठीही.

धोका आहे तो दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळा अर्थ असलेल्या शब्दांचा. ‘अर्जावर सही करून द्या’ असे आपण लिहितो. हिंदीत ‘सही’ म्हणजे बरोबर. नुकताच आलेला हिंदी वाचक याचा अर्थ ‘अर्ज दुरुस्त करून द्या’ असा घेऊ शकतो. मराठीत आक्षेप असेल तर आपण ‘हरकत नोंदवा’ म्हणतो. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल किंवा खोडी. उलट बाजूने, हिंदीत आक्षेपाला ‘आपत्ति’ म्हणतात, जी आपल्याकडे संकट होऊन बसते. मराठीतली ‘यंत्रणा’ म्हणजे व्यवस्था, तर हिंदीतली ‘यंत्रणा’ म्हणजे यातना. ‘शिक्षा’ आपल्याकडे दंड, त्यांच्याकडे शिक्षण. अनोळखी शब्द आला की वाचणारा थांबतो आणि कोणाला तरी विचारतो. हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून तो विचारत नाही आणि चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. असा शब्द सापडला तर तो बदलावा: ‘सही’ ऐवजी ‘नाव लिहून द्या’, किंवा सरळ ‘साइन’.

पहिला मसुदा

वर तथ्य एकदा, खाली काय करायचे ते प्रत्येक भाषेत एकेक ओळ. या रचनेतला माझा पहिला मसुदा असा झाला. इंग्रजी शब्द, एएम आणि पीएम फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहायचे. इथे त्यांचा उच्चार दिला आहे.

पाणी बंद / पानी बंद / नो वॉटर
रविवार / संडे 17
10 एएम – 4 पीएम
टाकीची सफाई आहे. शनिवारी रात्री पाणी भरून ठेवा.
टंकी की सफाई है। शनिवार रात को पानी भर लें।
टँक क्लीनिंग. स्टोअर वॉटर ऑन सॅटरडे नाइट.
गेट केबिन

क्रम मराठी, हिंदी, इंग्रजी असा ठेवला. रेल्वे स्टेशनच्या पाट्यांवरही स्थानिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी असाच क्रम असतो आणि आपल्या डोळ्यांना त्याची सवय आहे, त्यामुळे कोणाला आपली ओळ शोधावी लागत नाही. तिन्ही ओळींची अक्षरे एकाच आकाराची ठेवली. ‘सहकार्य करावे ही विनंती’ गाळले, कारण ‘भरून ठेवा’ यातच विनंती आहे. समितीचे नाव काढून ‘गेट केबिन’ लिहिले, कारण शंका आल्यावर माणूस समितीकडे जात नाही, केबिनमधल्या रक्षकाकडे जातो. त्याच्या फोनचा नंबरही त्या ओळीत लिहिता येतो.

‘समजलं का?’ असे विचारू नका

मसुदा लावण्याआधी तो तीन-चार जणांना दाखवायचा. मात्र ‘समजलं का?’ असे विचारायचे नाही, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. कागद हातात द्यायचा आणि ज्याचे उत्तर कागदात आहे असा प्रश्न विचारायचा: ‘पाणी कधी जाणार? परत कधी येणार? तुम्ही काय करणार?’

मी मसुदा सुरक्षारक्षकाला दिला. त्याने वाचला आणि विचारले, ‘साहब, पानी शनिवार को जाएगा कि रविवार को?’ त्याचा प्रश्न रास्त होता. छोट्याशा कागदावर मी दोन वार लिहिले होते, एक पाणी बंद होण्याचा आणि एक भरून ठेवायचा. घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात ते एकमेकांत मिसळतात. आणि शनिवार खरे तर लागतच नव्हता. रविवारी सकाळी आठला पाणी भरले तरी चालणार होते. ‘शनिवारी रात्री’ काढून ‘आधी’ लिहिले.

घरकामाच्या मावशींना मी कागद वाचून दाखवला. त्यांनी वेळ बरोबर सांगितली, पण विचारले, ‘सगळ्या इमारतींचं की आपल्याच?’ आमच्या आवारात एकच इमारत आहे, त्यामुळे बदल करावा लागला नाही. चार विंग असत्या तर वरच्या भागात ‘ए विंग’ लिहावे लागले असते, तेही एकदाच.

अखेरची सूचना अशी झाली:

पाणी बंद / पानी बंद / नो वॉटर
रविवार / संडे 17
10 एएम – 4 पीएम
टाकीची सफाई आहे. आधी पाणी भरून ठेवा.
टंकी की सफाई है। पहले पानी भर लें।
टँक क्लीनिंग. स्टोअर वॉटर इन ॲडव्हान्स.
गेट केबिन

अंक धरून मोजले तर हे ३६ शब्द होतात, तीन भाषांत आणि वेळेसकट. जुन्या सूचनेच्या एकट्या मराठी भागाला ३८ शब्द लागले होते आणि वेळ त्यात नव्हती.

फोनवर पाठवताना

ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकला जातो. फोटोसोबत तोच मजकूर टाइप करूनही पाठवावा. टाइप केलेला मजकूर पुढे पाठवता येतो, शोधता येतो आणि ज्याला दिसत नाही त्याचा फोन तो वाचून दाखवू शकतो. वाचता न येणाऱ्यांसाठी पंधरा सेकंदांचा आवाजी संदेश पुरतो. त्यात आधी वार, तारीख आणि वेळ मराठीत, मग हिंदीत, सावकाश. बोलताना ‘10 एएम’ म्हणू नका, ‘सकाळी दहा’, ‘सुबह दस’ असे म्हणा.

शाळा, पतसंस्था आणि पालिका अजूनही एसएमएस पाठवतात. तिथे आखूडपणाचा हिशेब वेगळा असतो. साध्या इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत फक्त ७०. संदेशात देवनागरीचे एक जरी अक्षर आले तरी सगळ्या संदेशाला ७०चीच मर्यादा लागते. आणि ती वाढली तर संदेशाचे प्रत्येकी ६७ अक्षरांचे तुकडे होतात, पैसेही प्रत्येक तुकड्याचे लागतात. इथे काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘बंद’ डोळ्याला दोन अक्षरे दिसतात, पण मोजणीत ती तीन. ‘स्वच्छता’ तीन अक्षरी वाटते, पण भरते आठ. ‘सफाई’ चारच. म्हणजे सोपा शब्द इथे जागाही वाचवतो.

तीन भाषा ७० अक्षरांत मावत नाहीत. अशा वेळी मराठीत एकच वाक्यमालिका लिहावी, पण शब्द दोन्हीकडे चालणारे निवडावेत:

रविवार 17 पाणी बंद सकाळी 10 ते 4. टाकी सफाई. आधी पाणी भरून ठेवा.

मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ही ६४ अक्षरे आहेत. हिंदी वाचणाऱ्याला रविवार, 17, बंद, 10, 4 आणि सफाई हे जसेच्या तसे कळते, ‘पाणी’ आणि ‘भरून’ ओळखू येतात. ज्यांना देवनागरी येत नाही त्यांना इंग्रजी संदेश वेगळा पाठवावा. दोन्ही भाषा एकाच संदेशात कोंबल्या तर दोघांचेही नुकसान होते.

जिथे ही रीत चालत नाही

ही रचना एका साध्या घटनेसाठी आहे: पाणी, लिफ्ट, वीज, लसीकरण शिबिराची तारीख, फी भरायची मुदत. ज्या कागदावर माणसाचे पैसे, घर किंवा हक्क अवलंबून आहेत, तिथे तो आखूड करू नये. पुनर्विकासाची संमती, वार्षिक सभेचे विषय, औषधाच्या मात्रेची माहिती हे सगळे प्रत्येक भाषेत पूर्ण हवे, आणि ते भाषांतर त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडून तपासून घ्यायला हवे. फळ्यावरच्या सूचनेने तिथे एवढेच सांगावे की सभा कधी आहे आणि पूर्ण कागद कुठे मिळेल. गॅस गळत असेल तर सूचना लिहीत बसू नये. दारे ठोठवावीत आणि तोंडाने सांगावे.

पुढच्या वेळी तुमच्या इमारतीत सूचना लिहायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी वार, तारीख आणि वेळ कागदाच्या वरच्या भागात एकदाच लिहा. बाकीचे शब्द त्यानंतर शोधा. आणि फळ्यावर लावण्यापूर्वी तो कागद गेटवरच्या माणसाच्या हातात देऊन विचारा, ‘पाणी कधी जाणार?’ त्याने बरोबर उत्तर दिले, तर सूचना लावायला हरकत नाही.